नाव, फोटो आणि ३६.४२ सेकंद

बेळगावातल्या एका जलतरण क्लबचं इन्स्टाग्राम आणि फेसबुक पेज मी सांभाळते. पगार नाही, पद नाही. तिसरीपासून दहावीपर्यंत मी त्याच पूलमध्ये पोहले, सरांना फोनवर टाइप करायचा कंटाळा आहे आणि मला पोस्टर बनवता येतं, एवढीच माझी पात्रता. वाङ्मय मंडळाच्या अंकात हा पोहण्याचा विषय कुठून आला असं कुणाला वाटेल. पण जे झालं ते मी लिहिलेल्या चार ओळींमुळे झालं, त्यामुळे ते इथेच सांगावंसं वाटलं.

गेल्या वर्षीची गोष्ट. आंतरक्लब स्पर्धा होती, रविवार होता. आमच्या एका तेरा वर्षांच्या मुलीने ५० मीटर बटरफ्लाय ३६.४२ सेकंदांत मारलं आणि पहिली आली. तिची आधीची वेळ अडतीसच्या वर होती. एका मोसमात दीड सेकंदाहून जास्त काढणं म्हणजे काय हे पोहणाऱ्यांनाच कळेल. सर काठावरून ओरडत होते, मीही ओरडत होते. रात्री घरी आल्यावर मी पोस्ट लिहिली. तिचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. इयत्ता आठवी आणि शाळेचं नाव. स्पर्धा, वेळ, पदक. आणि शेवटी, जरा साहित्यिक हात फिरवायचा म्हणून, ‘थंडी असो वा पाऊस, रोज पहाटे साडेपाचला वडिलांच्या स्कूटरवरून पूलवर हजर होणारी आपली ही जिद्दी जलपरी’. फोटो पाण्यातून नुकतीच बाहेर आल्यानंतरचा, गळ्यात पदक, अंगावर ओला कॉस्च्यूम, तोंडभर हसू. फार छान फोटो होता तो. अजूनही मला तसंच वाटतं.

तिच्या वडिलांनीच तो पहिल्यांदा पुढे पाठवला, अभिमानानं. तिथून तो भावकीच्या ग्रुपवर गेला, आणि भावकीतून खानापूर तालुक्यातल्या त्यांच्या गावी, आजोबांपर्यंत. तिथे पदक कुणी पाहिलं नाही. मुलगी काय घालून उभी आहे तेवढं पाहिलं. पंधरा दिवसांनी तिची आई पूलवर आली. सरांशी बोलली नाही, माझ्याकडे आली. म्हणाली, “तुझं चुकलं असं म्हणत नाही गं मी. तू कौतुकच केलंस. पण आता घरात ऐकून घ्यायला मी एकटी आहे. तिचं पोहणं बंद केलंय आम्ही.”

या विषयावर बोलताना आपल्या डोळ्यांसमोर नेहमी कुणीतरी अनोळखी, वाईट माणूस येतो. मुलांचे फोटो गोळा करणारा, मेसेज पाठवणारा. तो धोका खरा आहे, त्याकडे मी येतेच. पण माझ्या पोस्टने जे केलं त्यात वाईट माणूस कुणीच नव्हता. वडील प्रेमळ, आजोबाही त्यांच्या परीने काळजी करणारे. पूलवर ज्या कपड्यात उभं राहणं अगदी साधं असतं, तेच कपडे पूलच्या बाहेर दुसऱ्या नजरेखाली गेले. आम्ही पोहणाऱ्यांना कॉस्च्यूम दिसतच नाही. लेन दिसते, घड्याळ दिसतं. मी विसरले की फोटो पाहणाऱ्याला लेनही दिसत नाही आणि घड्याळही दिसत नाही.

त्यानंतर मी ती पोस्ट पुन्हा पुन्हा वाचली. प्रत्येक शब्द खरा होता, आणि सुटा घेतला तर कशातच काही लपवण्यासारखं नव्हतं. तिचं नाव शाळेत सगळ्यांना माहीत. शाळेचा गणवेश घालून ती रस्त्यावरून जातेच. पूल तर गावाला ठाऊक. मग चुकलं काय? चुकलं ते एकत्र येण्यात. नाव आणि चेहरा एकत्र आला की रस्त्यावर ओळखता येतं. त्यात शाळा मिळाली की दुपारी कुठे असते ते कळतं. ‘रोज पहाटे साडेपाच’ मिळालं की अंधारात कुठे असते तेही कळतं. अनोळखी माणसाला हे शोधायला कदाचित आठवडा लागला असता, मी ते त्याला चार ओळींत, अनुप्रासासकट दिलं होतं.

लहान मुलांच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा २०१२ चा पोक्सो कायदा आहे, त्याच्या २३व्या कलमात पीडित मुलाची ओळख उघड होईल असं काहीही माध्यमांनी छापू नये असं सांगताना एक यादी दिली आहे: नाव, पत्ता, फोटो, कुटुंबाची माहिती, शाळा, शेजार. ते कलम आमच्यासारख्या अभिनंदनाच्या पोस्टला लागू होत नाही, हे स्पष्ट सांगते. पण मुलाची ओळख कशाकशातून पटते याची इतकी नेमकी यादी मला दुसरीकडे मिळाली नाही. ती समोर ठेवून मी माझी पोस्ट तपासली. पत्ता सोडला तर जवळजवळ सगळंच होतं. शेजाराच्या जागी पूल होता, इतकंच.

ब्रिटनमध्ये मुलांच्या संरक्षणासाठी काम करणारी एनएसपीसीसी ही संस्था आहे, तिचा खेळातल्या मुलांसाठी वेगळा विभाग आहे. तिथल्या क्लबांमध्ये बरीच वर्षं एक साधा संकेत चालत आलेला आहे. मुलाचं नाव दिलं तर फोटो देऊ नये, फोटो दिला तर नाव देऊ नये. मला हा संकेत आवडला, कारण तो ‘काहीच टाकू नका’ म्हणत नाही. तो फक्त जोडी तोडतो. पण आपल्या गावात त्याला मर्यादा आहेत. आमच्या क्लबात बटरफ्लाय मारणाऱ्या त्या गटातल्या मुली दोनच. नाव नसलं तरी भावकीने ओळखलीच असती. म्हणजे हा संकेत अनोळखी माणसापासून वाचवतो, ओळखीच्यांपासून नाही. ओळखीच्यांसाठी फोटो कसला आहे हेच बघावं लागतं.

त्यावर उपाय सोपा निघाला. इतका सोपा की राग यावा. पदक घेताना मुलांना ट्रॅकसूट किंवा क्लबचा टी-शर्ट घालायला लावायचा. दोन मिनिटांचं काम. पोहतानाचा फोटो हवा असेल तर पाण्यातला घ्यायचा, टोपी, गॉगल, उडणारं पाणी. खरं तर बटरफ्लायचा जीव त्याच क्षणात असतो, श्वासासाठी तोंड वर आलेलं आणि दोन्ही हात पसरलेले. काठावर ओल्या कपड्यांत उभं करून काढलेला फोटो पोहण्याबद्दल काहीच सांगत नाही. स्टार्टिंग ब्लॉकवर वाकलेल्या मुलांचे मागून काढलेले फोटो तर आम्ही आता काढतच नाही, आणि काढणारे पालक दिसले तर सर त्यांना जाऊन सांगतात.

आता निकालाचं. इथे माझं आणि आमच्या क्लबच्या एका ताईचं भांडण झालं. तिचं म्हणणं, सगळंच बंद करू, नावं नकोत आणि वेळाही नकोत. मला ते पटलं नाही. निकाल ही कौतुकाची वस्तू नाही, ती नोंद आहे. कुठल्या हीटमध्ये, कुठल्या गटात, किती सेकंदांत, हे उघड असावंच लागतं, कारण त्यावर पुढची निवड होते. आणि आपल्याकडे वयोगटाच्या स्पर्धांत वय चोरणं हा जुना रोग आहे. पंधराचा मुलगा बारांच्या गटात उतरला तर आक्षेप कोण घेणार? ज्याला यादी दिसते तोच. नाव आणि गट लपवला तर प्रामाणिक पोरांचाच तोटा होतो.

पण ती नोंद आयोजकांची. त्यांच्या निकालपत्रात ती असते, ज्याला हवी तो तिथे जाऊन बघतो. क्लबचं पेज हे वेगळं काम करतं. मनाला पटत नसलं तरी खरं सांगायचं तर आमचं पेज जाहिरात आहे. एप्रिलमध्ये उन्हाळी बॅचचे प्रवेश सुरू होतात, आणि त्याआधी मी जुन्या पदकांचे फोटो पुन्हा वर काढते. म्हणजे त्या मुलीचं हसू आमच्या फीच्या पावतीशी जोडलेलं आहे. नोंदीसाठी एखाद्या मुलाचं नाव उघड असणं, आणि आमचे प्रवेश वाढावेत म्हणून ते उघड असणं, या दोन गोष्टींना एकच परवानगी पुरत नाही.

निकालपत्र तसंच्या तसं पेजवर चिकटवण्यात आणखी एक खड्डा आहे. आम्ही एकदा एका स्पर्धेच्या प्रवेशयादीचा स्क्रीनशॉट टाकला होता, कुणाची हीट कधी ते पालकांना कळावं म्हणून. तिसऱ्या रकान्यात पूर्ण जन्मतारखा होत्या, एका पानावर चाळीसेक मुलांच्या. गटासाठी जन्मवर्ष पुरतं, पण आयोजकांनी दाखल्यावरून तारीख उतरवली होती आणि आम्ही न बघता पुढे ढकलली. पूर्ण नाव आणि जन्मतारीख ही जोडी पुढे त्या मुलाच्या बँकेत, सिमकार्डात, परीक्षेच्या पोर्टलवर वापरली जाणार आहे. ती बदलता येत नाही. तसंच डीएसक्यूचं. चुकीच्या किकमुळे किंवा आधी उडी मारल्यामुळे बाद झालेल्या मुलाच्या नावापुढे निकालात हे लिहिलेलं असतं. निकालपत्रात ते असायलाच हवं. क्लबच्या पेजवर नऊ वर्षांच्या पोराच्या नावापुढे ते कशाला?

बेळगावात पेज चालवणाऱ्याला आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते, जी पुण्याच्या किंवा इंदूरच्या क्लबाला बहुधा ठाऊक नसेल. कॅप्शनमध्ये गावाचं नाव कसं लिहिलं, आधी मराठी की आधी कन्नड, यावरून खाली भांडण पेटतं. आमच्या एका दहा वर्षांच्या पोराच्या कांस्यपदकाखाली सीमाप्रश्न सुरू झाला होता. दोन्ही बाजूंचे काका लोक एकमेकांची आई-बहीण काढत होते आणि वर मधोमध हा दात पडलेला हसतोय. त्याने स्वतः ते वाचलं. मला विचारलं, “ताई, हे माझ्यामुळे भांडतायत?” आडनावावरूनही तसंच. आपल्याकडे आडनाव म्हणजे जात, धर्म, भाषा, गाव, सगळं एका शब्दात. ते फोटोला जोडलं की कुणाला कशावर बोलायचंय ते सांगता येत नाही. तेव्हापासून मुलांच्या पोस्टवर कॉमेंट बंद असतात. सरांना आधी पटेना, म्हणाले लोक अभिनंदन कुठे करतील? मी म्हटलं, पूलवर येऊन करतील.

परवानगी घेतली होती का, असं कुणीही विचारेल. घेतली होती. प्रवेश अर्जाच्या तळाशी बारीक अक्षरात ओळ आहे, ‘क्लबच्या प्रसिद्धीसाठी पाल्याचे छायाचित्र वापरण्यास हरकत नाही’, आणि खाली वडिलांची सही. सही नसेल तर प्रवेश नाही. आता याला परवानगी म्हणायचं का? २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात संमती कशी असावी ते सांगितलं आहे: दबावाविना, नेमक्या कामासाठी, माहिती देऊन घेतलेली, बिनशर्त. आणि ती जितक्या सहज दिली तितक्याच सहज मागे घेता आली पाहिजे. त्या कायद्यात अठरा वर्षांखालचं प्रत्येक जण मूल आहे, मुलाच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते, आणि मुलाच्या हिताला बाधा येईल असा वापर करता येत नाही. मुलांबाबतची जबाबदारी मोडली तर दंडाची कमाल मर्यादा २०० कोटी रुपये आहे. तो आकडा ऐकून आमचे सर हसले, आमच्या पूलमधलं पाणी विकून तरी एवढे येतील का म्हणून. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि मुख्य जबाबदाऱ्यांना अठरा महिन्यांची मुदत मिळाली. त्यामुळे ‘अजून वेळ आहे’ असं म्हणणारे क्लब भेटतात. पण आमच्या अर्जातली ती ओळ कायद्याआधीही फसवीच होती. पोहायला शिकायचं असेल तर फोटो द्या, ही अट होती.

आम्ही ती ओळ काढली. आता वेगळा कागद आहे, त्यावर चार प्रश्न, आणि चारही प्रश्नांना नाही म्हटलं तरी प्रवेश मिळतो. नाव टाकू का? वेळ टाकू का? सगळ्यांसोबतचा फोटो चालेल का? एकट्याचा चालेल का? शाळा, इयत्ता, सरावाची वेळ हे प्रश्नच ठेवले नाहीत, कारण ते आम्ही कुणाचंच टाकत नाही. खाली दोन सह्यांची जागा आहे, एक पालकांची, एक मुलाची. कायद्याला पालकांची पुरते. मुलाची आम्ही आमच्यासाठी घेतो. दोघांपैकी एकानेही नाही म्हटलं तर नाही. हा कागद दरवर्षी नवा भरायचा, कारण नऊ वर्षांच्या मुलीने दिलेला होकार तेराव्या वर्षी तिचा उरत नाही.

पहिल्या वर्षी कागद गोळा केले तेव्हा गंमत झाली. पालक जवळजवळ सगळे चारही ठिकाणी हो म्हणून मोकळे. मुलांचे नकार मात्र कितीतरी. आणि कारणं आपल्याला सुचणार नाहीत अशी. एकीला दातांना तारा बसवल्या होत्या. एकाला वर्गातली पोरं चिडवायची. एका मुलाच्या आईने मला बाजूला घेऊन सांगितलं की त्याच्या वडिलांशी कोर्टात केस चालू आहे, मुलगा कुठे, किती वाजता असतो हे त्यांना कळायला नको आहे. हा मुलगा तीन वर्षं आमच्या पेजवर होता. आम्ही कधी विचारलंच नव्हतं.

फोटो काढून टाकणं हे वाटतं तितकं सोपं नाही. त्या मुलीची आई आली त्याच रात्री मी इन्स्टाग्रामवरची पोस्ट उडवली आणि निवांत झाले. दोन दिवसांनी कळलं, तीच पोस्ट फेसबुकवर आपोआप गेली होती ती तिथे तशीच आहे. इकडे उडवलं म्हणून तिकडे उडत नाही. मग हायलाइटमध्ये जपलेली स्टोरी सापडली. मग गूगल मॅपवर क्लबच्या जागेला मीच कधीतरी जोडलेला फोटो. स्पर्धेच्या फोटोंचं ड्राइव्ह फोल्डर तर लिंक असलेल्या कुणालाही उघडत होतं. त्यात फोनने काढलेले मूळ फोटो, म्हणजे काढल्याची वेळ आणि लोकेशन चालू असेल तर अक्षांश-रेखांशसुद्धा फाइलच्या पोटात. व्हॉट्सअॅपवर साधा फोटो पाठवला तर ती माहिती गळून पडते, पण डॉक्युमेंट म्हणून पाठवला की तशीच जाते, आणि क्वालिटी चांगली राहावी म्हणून आम्ही नेहमी डॉक्युमेंटच पाठवायचो. एका स्थानिक बातम्यांच्या पेजने आमचा फोटो उचलला होता, त्यांना फोन केला, त्यांनी काढला. भावकीच्या ग्रुपवरचा मात्र कोण काढणार? तो आजही कुणाच्या तरी फोनमध्ये आहे.

हे सगळं वाचून पेजच बंद करावं असं वाटेल. मलाही काही दिवस वाटलं. पण आमच्याकडे एक मुलगा आहे, वडील रिक्षा चालवतात. राज्य स्पर्धेला जायला पैसे नव्हते. मी पोस्ट टाकली, शहरातल्या एका व्यापाऱ्याने ती वाचून प्रवासाचा आणि नव्या गॉगलचा खर्च दिला. पेज नसतं तर तो गेला नसता. इंग्रजी शाळेतल्या, मोठ्या घरातल्या मुलांना पेजची गरज नसते, त्यांच्या वडिलांच्या ओळखी असतात. पेजची गरज याच मुलाला होती. मात्र त्याच पोस्टचं शीर्षक मी ‘रिक्षाचालकाच्या मुलाची भरारी’ असं दिलं होतं. त्याला काय वाटलं ते त्याने मला वर्षभराने सांगितलं. शाळेत त्याचं नावच ‘रिक्षा’ पडलं होतं. मदत मिळाली ती त्याच्या वेळेमुळे, हे मला नंतर त्या व्यापाऱ्याशी बोलताना कळलं. ते स्वतः जुने पोहणारे निघाले. रिक्षा मी उगाच घातली, गोष्ट रंगावी म्हणून. गरज कळवायचीच असेल तर ‘प्रवासखर्चासाठी मदत हवी’ एवढं पुरतं, आणि तेही ज्याला सांगायचं त्याला फोनवर सांगता येतं.

आणखी एक गोष्ट माझ्या स्वतःच्या अनुभवातली, कारण त्याबद्दल कुणी बोलत नाही. पेज फक्त जिंकलेलं दाखवतं. मुली अकराव्या-बाराव्या वर्षी भराभर वेळ काढतात. मग शरीर बदलतं, आणि कित्येकींची वेळ वर्ष-दोन वर्षं तिथेच थांबते, कधी मागेही जाते. माझी थांबली. सहावीत माझे पाच फोटो क्लबच्या फेसबुकवर होते. आठवीत एकही नाही. कुणी मला काही बोललं नाही, बोलायची गरजच नव्हती. दर स्पर्धेनंतर घरचे पेज उघडून बघायचे आणि काही न बोलता बंद करायचे. ज्या पेजने मला डोक्यावर घेतलं होतं त्यानेच मला उतरवलं, आणि दोन्ही वेळा मला विचारलं नव्हतं. म्हणून आता दर महिन्याला एक पोस्ट असते, त्यात नावं नसतात, पदकं नसतात, फक्त ‘या महिन्यात इतक्या जणांनी स्वतःची वेळ सुधारली’. लाइक फार येत नाहीत तिला. पोरं मात्र ती उघडून स्वतःला त्या आकड्यात मोजतात, हे मी पाहिलं आहे.

ती बटरफ्लायवाली पाच महिन्यांनी परत आली. आईने घरात काय काय केलं ते मला माहीत नाही, मी विचारलं नाही. आता ती गुडघ्यापर्यंतचा पूर्ण सूट घालून पोहते, तिला तो आवडतो म्हणते, खरं-खोटं तिलाच माहीत. पाच महिन्यांत वेळ अर्थातच घसरली होती. या फेब्रुवारीत तिने पुन्हा सदतीसच्या आत मारलं. संध्याकाळी टॉवेल डोक्यावर घेऊन ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, “ताई, वेळ टाक. फोटो नको. आणि जलपरी-बिलपरी लिहू नकोस.”

मी पोस्ट केली. निळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरात ‘५० मीटर बटरफ्लाय, मुली, ३६.८७’. आधी तिला दाखवली. तिने दशांशचिन्ह बरोबर आहे ना ते बघितलं आणि हो म्हणाली.